तिसाव्या मिनिटाला तुमचा फोन काय करतो?

गेल्या वर्षीची एप्रिलमधली दुपार. नागपुरातलं आमचं हॉस्टेल, तिसरा मजला, डोक्यावर थेट गच्ची. कूलरमधलं पाणी सकाळीच संपलेलं आणि तो नुसतीच गरम हवा फेकत होता. इंटर-कॉलेज बीजीएमआय स्पर्धेतला आमच्या टीमचा शेवटचा सामना, शेवटचा झोन, समोर दोघंच उरलेले. त्यातला एक झाडामागून निघाला. मी बंदूक वळवली आणि स्क्रीन वळलीच नाही. क्षणभर थिजली, मग एकदम उडी मारून त्या माणसाच्याही पुढे गेली. तोवर मी खाली पडलो होतो.

"काय बे, झोपला होता का?" पलीकडच्या पलंगावरून रूममेट ओरडला.

"नेट गेलं ना यार!"

पुढचे दोन आठवडे मी हॉस्टेलच्या वायफायला शिव्या घातल्या. शेवटी त्या रूममेटनेच डोळे उघडले. "नेट गेलं असतं तर समोरचा माणूस जागच्या जागी उड्या मारत दिसला असता. तुझी तर स्वतःची मान अडकली होती. नेट नाही गेलं, फोन गेला."

फरक अगदी साधा आहे आणि तो प्रत्येक गेमरला माहीत हवा. पिंग वाढला की शत्रू इकडून तिकडे गायब-हजर होतात, गोळी लागूनही लागत नाही, पण तुम्ही बोटाने कॅमेरा फिरवलात तर तो लोण्यासारखा फिरतो. कारण तुमचं दृश्य तुमचाच फोन काढतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पण कॅमेरा फिरवतानाच जर झटके बसत असतील, तर दोष वायफायचा नाही. फोन चित्रं काढून थकलाय.

माझा फोन थकला होता. आणि तो काही स्वस्तातला नव्हता. नववीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले बारा हजार आणि बाबांनी दिलेले पंधरा, असे सत्तावीस हजार मोजून घेतलेला. 144 हर्ट्झची स्क्रीन, दांडगा प्रोसेसर, 120 वॉटचं चार्जिंग. दुकानात दहा मिनिटं गेम खेळूनही पाहिला होता. एकदम मक्खन. माझी चूक एवढीच झाली, की मी फोनची पहिली दहा मिनिटं पाहून त्याची किंमत ठरवली. गेम हरतो तो तिसाव्या मिनिटाला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की गेमिंगसाठी फोन घेताना प्रोसेसर, कूलिंग, स्क्रीन, बॅटरी हे वेगवेगळे प्रश्न नाहीतच. हा एकच प्रश्न आहे: फोन तापल्यावर काय होतं?

खोलीचं तापमान कुणी विचारतच नाही

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. हीट ट्रान्स्फरच्या पेपरात काठावर पास झालेला. पण त्या विषयातली एक गोष्ट मला या फोनने पक्की शिकवली. गरम वस्तूतून उष्णता किती वेगाने बाहेर पडते, हे ती वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक निम्मा झाला की बाहेर पडणारी उष्णताही साधारण निम्मी.

आता फोनला हे लावून बघू. फोनची पाठ हाताला चटका बसेल इतकी तापू नये, म्हणून कंपन्या साधारण 42 ते 45 अंशांच्या आसपास एक मर्यादा ठेवतात. आपण 43 धरू. यूट्यूबवर रिव्ह्यू करणारा माणूस बसतो एसीत, 25 अंशांवर. त्याच्या फोनकडे 18 अंशांचा फरक आहे. आमच्या हॉस्टेलची खोली त्या दुपारी 38 अंशांवर होती. म्हणजे माझ्या हातात उरला 5 अंशांचा फरक. त्याचा फोन 4 वॉट उष्णता बाहेर टाकत असेल, तर तोच मॉडेल माझ्या हातात जेमतेम 1.1 वॉट टाकणार. पंखा, फोनची ठेवण यांनी आकडा बदलेल, हा काही परीक्षेतला काटेकोर हिशेब नाही. पण चौपटीच्या आसपासचा फरक खरा आहे. अ‍ॅपलही आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं सांगते. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात हा आकडा रात्रीसुद्धा हसण्यावारी जातो.

मग पहिली दहा मिनिटं छान का जातात? तवा गॅसवर ठेवल्या ठेवल्या तापत नाही, तसंच. काच, बॅटरी, धातूची चौकट हे सगळं मिळून दोनशे ग्रॅमचं वजन आधी उष्णता पोटात घेतं. ती दहा-पंधरा मिनिटं उधारीची असतात. फोन तापला की उधारी संपते आणि मग जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढीच आत तयार करण्याची परवानगी उरते. जास्त होऊ लागली की फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. दुकानातला डेमो कायम उधारीच्या वेळेतच संपतो.

प्रोसेसर: नावापेक्षा तो वीज किती खातो ते बघा

प्रोसेसरबद्दल आपण मित्रांत बोलतो ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं. याचा अंतुतू एवढा, त्याचा तेवढा. पण हा स्कोअर म्हणजे धावपटूची शंभर मीटरची वेळ आहे. आपल्याला पळवायची आहे दहा किलोमीटर.

चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उलटं करून बघा. वेग 20 टक्क्यांनी उतरवला आणि त्यामुळे व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरवता आलं, तर खर्च होतो 0.8 × 0.9 × 0.9, म्हणजे सुमारे 0.65. वेग गेला पाचवा हिस्सा, वीज वाचली एक तृतीयांशाहून जास्त. म्हणूनच शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो, आणि थोडं दमाने चालणारी चिप उन्हाळ्यात पुढे निघून जाते.

चिप कुठल्या कारखान्यात आणि कुठल्या पद्धतीने बनली यानेही मोठा फरक पडतो. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 2022 मधली स्नॅपड्रॅगन 8 जेन 1. कागदावर जबरदस्त, पण तापण्यासाठी बदनाम. ती सॅमसंगच्या कारखान्यात बनत होती. त्याच वर्षी क्वालकॉमने जवळपास तेच डिझाइन तैवानच्या टीएसएमसीकडे नेलं, नाव दिलं 8 प्लस जेन 1, आणि वीज 30 टक्क्यांपर्यंत कमी लागते असा दावा केला. नावात फरक एका 'प्लस'चा, हातात फरक कितीतरी जास्त. आज सेकंड हँडमध्ये "भावा, 8 सिरीजची चिप आहे, घेऊन टाक" असं कुणी म्हणालं तर कुठली 8, हे आधी विचारा. दोन-तीन वर्षं जुनी तापट फ्लॅगशिप चिप घेण्यापेक्षा नवी, मधल्या दर्जाची, शांत चिप बऱ्याचदा बरी.

आणि स्कोअरवर आंधळा विश्वास ठेवू नका, याचं आणखी एक कारण त्याच वर्षी जगाने पाहिलं. सॅमसंगच्या फोनमधली गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस गेम्ससह हजारो अ‍ॅप्सचा वेग रोखते, पण बेंचमार्क अ‍ॅप्सना हात लावत नाही, हे मार्च 2022 मध्ये उघड झालं. गीकबेंचने गॅलेक्सी एस 10 पासून एस 22 पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढल्या आणि सॅमसंगला अपडेट देऊन निर्णय ग्राहकाच्या हाती द्यावा लागला. वेग रोखणं हा मुळात गुन्हा नाही, फोन तापू नये म्हणून तो रोखावाच लागतो. पण परीक्षेत पळायचं आणि मैदानात चालायचं, हे ग्राहकाला सांगायला नको?

कूलिंग: उष्णता नष्ट होत नाही, पसरते

बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. 'व्हेपर चेंबर' हा शब्द जाहिरातीत ऐकला की आत छोटा एसी बसवलाय असं वाटतं. प्रत्यक्षात ती तांब्याची एक पातळ, चपटी, बंद डबी असते आणि तिच्यात अगदी थोडं पाणी. प्रोसेसरच्या बाजूला पाण्याची वाफ होते, ती दूरच्या गार भागात जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून परत येते. या खेळाने एका ठिकाणची उष्णता पाठभर पसरते. गरम पातेल्यातला भात परातीत पसरला की लवकर निवतो ना, तेच. पण परात ठेवलेली खोलीच तापली असेल तर परातीचाही इलाज चालत नाही.

त्यामुळे चेंबर मोठा असणं चांगलंच, पण आकडा वाचताना जरा थांबा. मोठ्या फोनची अख्खी पाठ साधारण 160 गुणिले 75 मिलिमीटर, म्हणजे बारा हजार चौरस मिलिमीटर. मग खोक्यावर 'तीस हजार चौरस मिलिमीटरचं कूलिंग' कसं काय? ग्रॅफाइटचे एकावर एक लावलेले थर प्रत्येकी मोजून केलेली ती बेरीज असते. तुम्ही विचारायचं ते एकच: व्हेपर चेंबर एकटा किती मोठा आहे?

बाकी दोन उपाय फुकट आहेत. खेळताना जाड सिलिकॉनचं कव्हर काढून ठेवा, कारण ते फोनला गोधडी पांघरल्यासारखं असतं. आणि टेबल फॅनची हवा फोनच्या पाठीवर येईल असे बसा. वाहती हवा उष्णता कितीतरी वेगाने नेते. मागे चिकटवायचा इलेक्ट्रिक कूलरही कामाचा आहे, पण जरा जपून. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्याच्या गार पट्टीवर दव साचतं, गारेगार पाण्याच्या बाटलीवर साचतं तसं. आणि पाणी फोनच्या आत गेलेलं कुणालाच नको असतं. याच कारणाने तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवण्याचा शहाणपणा कधीच करू नका.

स्क्रीन: 144 हर्ट्झ कुणासाठी?

माझी खरी फसगत इथे झाली. 144 हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला 144 वेळा चित्र बदलू शकते. बदलू शकते, एवढंच. गेमने तेवढी चित्रं दिली तर. बीजीएमआयमध्ये 'एक्स्ट्रीम' निवडलं की गेम सेकंदाला 60 चित्रं देतो. त्यापुढचे 90 किंवा 120 चे पर्याय गेमने ज्या मॉडेल्सना मान्यता दिली आहे, त्यांनाच दिसतात. म्हणजे 144 हर्ट्झच्या स्क्रीनवर 60 चा गेम खेळणं हे रिकामी एसटी पळवण्यासारखं आहे. गाडी धावते, प्रवासी तेवढेच.

हिशेबही बघा. 60 वर प्रत्येक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, 90 वर 11.1, 120 वर 8.3. साठवरून नव्वदवर जाताना साडेपाच मिलिसेकंद वाचतात, 120 वरून 144 वर जाताना दीडही नाही. पण प्रत्येक जादा चित्र काढायला प्रोसेसरला वीज लागते आणि ती वीज शेवटी उष्णताच होते.

आपल्या डोळ्यांना आणि बोटांना खरा त्रास कमी फ्रेम्सचा होत नाही, बदलत्या फ्रेम्सचा होतो. 90 वरून 50, परत 80, परत 45 असं झालं की हाताचा अंदाजच बिघडतो. नेम धरण्याची सवय एका ठेक्यावर बसलेली असते. त्यापेक्षा तीस मिनिटं स्थिर 60 मिळाले तर माणूस जिंकतो. माझं ऐकाल तर 120 हर्ट्झच्या पुढे एक रुपयाही जास्त देऊ नका. 60 चा गेम त्यावर छान बसतो, कारण प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं.

बॅटरी: मोठी हवी, पण चार्जर लावून खेळायला नको

5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॉट-तास. गेम सरासरी 4 वॉट खात असेल तर पावणेपाच तास. कॉलेजच्या पोराला हे पुरतं. अडचण येते ती आपल्या सवयीची. बॅटरी 20 टक्क्यांवर आली की आपण चार्जर लावतो आणि खेळत राहतो. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते, शेजारी प्रोसेसर तापलेलाच असतो, आणि पाठ मात्र एकच. परिणामी फ्रेम्सही पडतात आणि 120 वॉटचं चार्जिंगही मुंगीच्या गतीने होतं, कारण तापलेला फोन चार्जिंगलाही आवर घालतो. शिवाय उष्णतेत, तेही भरलेल्या अवस्थेत राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. माझी वर्षभरातच दुपारनंतर मान टाकू लागली.

यावर खरा उपाय म्हणजे बायपास चार्जिंग. यात चार्जरची वीज बॅटरीत न जाता थेट फोन चालवायला वापरली जाते, त्यामुळे बॅटरीची भट्टी पेटतच नाही. काही कंपन्या आता मध्यम किमतीच्या फोनमध्येही हे देतात. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ही सोय Pause USB Power Delivery या नावाने गेम बूस्टरच्या सेटिंगमध्ये असते. 67 वॉट की 120 वॉट यावर वाद घालण्यापेक्षा बायपास आहे का, हा प्रश्न विचारा. हॉस्टेलवर राहणाऱ्याला तोच जास्त उपयोगाचा.

स्टोरेज: उष्णतेशी नातं कमी, पण दुर्लक्ष नको

या यादीतली एवढी एकच गोष्ट तापण्याशी थेट जोडलेली नाही. स्टोरेजने फ्रेम्स वाढत नाहीत. ते ठरवतं, मॅप किती लवकर उघडतो आणि गाडीतून भरधाव जाताना पुढची घरं वेळेवर उभी राहतात की नाही. स्वस्त फोनमधलं ईएमएमसी स्टोरेज एका वेळी एकच काम करतं, वाचणं किंवा लिहिणं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. यूएफएस 2.2 चा वाचण्याचा वेग सेकंदाला साधारण एक जीबी, 3.1 चा दुपटीच्या आसपास. गेमिंगसाठी 2.2 च्या खाली जाऊ नका, 3.1 मिळालं तर उत्तम.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्ये स्टोरेजचा प्रकार वेगळा असू शकतो. गॅलेक्सी एस 23 च्या 128 जीबीमध्ये यूएफएस 3.1 होतं आणि 256 जीबीमध्ये 4.0. आणि 128 जीबी आता अपुरंच पडतं. सिस्टीम, दोन मोठे गेम, फॅमिली ग्रुपचे गुड मॉर्निंग व्हिडीओ आणि सेमिस्टरच्या पीडीएफ, झालं! काठोकाठ भरलेलं स्टोरेज लिहिताना मंदावतं आणि गेम अडखळतो. '8 अधिक 8 जीबी रॅम'मधली दुसरी आठ म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा असतो, खऱ्या रॅमपेक्षा बराच हळू. तिच्यासाठी पैसे मोजू नका.

मावसभावाचे पंचवीस हजार

यंदा यवतमाळहून मावसभावाचा फोन आला. बारावी झालेला, हातात पंचवीस हजार. "दादा, दोन मॉडेल पक्के केलेत. एक सांग."

पहिला माझ्या फोनचाच धाकटा भाऊ होता. मोठ्या नावाची चिप, 144 हर्ट्झ, 120 वॉट, 128 जीबी. दुसरा दिसायला मवाळ. मधली चिप, 120 हर्ट्झ, 45 वॉट, बायपास चार्जिंग, 256 जीबी. अंतुतूत पहिला कितीतरी पुढे.

मी म्हटलं, दुकानात नको जाऊस, हॉस्टेलवर ये. आमच्याकडे दोन्ही मॉडेल वापरणारी पोरं होती. दुपारी दोनला बसलो. खोलीत 34 अंश, छताचा पंखा सुरू, कूलर बंद. दोन्ही फोनची कव्हरं काढली, बॅटरी 80 टक्क्यांच्या वर, ब्राइटनेस निम्म्यावर आणि ऑटो बंद, दोघांनाही एकच वायफाय, एकच मॅप. फोनच्या गेम मोडमध्ये फ्रेम्सचा आकडा दाखवायची सोय असते, ती चालू केली. इथे एक गल्लत होते, म्हणून सांगतो. डेव्हलपर ऑप्शन्समधलं Show refresh rate हे स्क्रीनचा वेग दाखवतं, गेमच्या फ्रेम्स नाही. तिथे 120 दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही.

पहिला फोन 90 वर सुटला. भावाच्या डोळ्यांत चमक. बाराव्या मिनिटाला 70 च्या घरात आला. विसाव्या मिनिटाला 48, मग 60, मग पुन्हा 45. त्याआधीच स्क्रीन आपोआप मंद झाली होती. ही खूण लक्षात ठेवा. फ्रेम्स पडण्याआधी बहुतेक वेळा फोन ब्राइटनेस कमी करतो. दुसऱ्या फोनला गेम 60 पर्यंतच परवानगी देत होता. तो 60 वर सुटला आणि तिसाव्या मिनिटाला 57 वर होता. अन्याय नको म्हणून पहिला फोन गार होऊ दिला आणि त्यालाही 60 वर बांधून पुन्हा खेळलो. तो पंचवीस मिनिटं टिकला, मग 50 वर घसरला. म्हणजे सेटिंग उतरवून तो सुधारला, पण दुसऱ्याला गाठू शकला नाही.

नंतर 3DMark मधली Wild Life Stress Test लावली. ती वीस मिनिटांत एकच चाचणी वीस वेळा घेते आणि सर्वात चांगला व सर्वात वाईट स्कोअर देते. सोबत स्थिरतेची टक्केवारीही असते, पण तिच्यावर भाळू नका. समजा एका फोनचा चांगला स्कोअर 9000 आणि वाईट 4950, तर स्थिरता 55 टक्के. दुसऱ्याचा 5600 आणि 5320, स्थिरता 95 टक्के. तिसऱ्या एखाद्या अगदी साध्या फोनचा 1500 आणि 1485, म्हणजे 99 टक्के! मुळात जो पळतच नाही तो दमणार कसा? म्हणून टक्केवारी सोडा, सर्वात वाईट स्कोअर बघा. 4950, 5320 आणि 1485 यांत दुसरा पुढे. हा आकडा म्हणजे तुमचा शेवटच्या झोनमधला फोन.

भावाने दुसरा घेतला. हाच निर्णय सगळ्यांसाठी बरोबर आहे, असं माझं म्हणणं नाही. तो महाबळेश्वरला राहत असता किंवा एसीत बसून खेळत असता, तर कदाचित पहिलाच त्याला जास्त आनंद देऊन गेला असता. पण तो यवतमाळचा आहे. फोन त्याच्या गावच्या उन्हाळ्यात चालायला हवा.

माझी खरी तक्रार इथेच आहे. आईच्या मिक्सरच्या तळाशी एक छोटी पट्टी असते. तो सलग किती मिनिटं चालवायचा, हे त्यावर छापलेलं असतं. तीन-चार हजारांचा मिक्सर एवढा प्रामाणिकपणा दाखवतो. पंचवीस हजारांचा 'गेमिंग फोन' मात्र खोक्यावर पहिल्या मिनिटाचे सगळे आकडे मिरवतो आणि तिसाव्या मिनिटाबद्दल अवाक्षर काढत नाही. 35 अंशांच्या खोलीत अर्ध्या तासानंतर फ्रेम्स किती, एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? इथले उन्हाळे कंपन्यांना ठाऊक नाहीत, असं थोडीच आहे!

ती ओळ छापून येईपर्यंत आपणच ती शोधायची. तुम्हाला हवा असलेला फोन कॉलेजात कुणाकडे तरी नक्की असतो. त्याला चहा पाजा, दुपारच्या उन्हात अर्धा तास त्याचा फोन मागून घ्या आणि घड्याळ लावून खेळा. माझे सत्तावीस हजार वाचवायला दोन कटिंग पुरल्या असत्या.